ट्रेंडिंग ऑडिओवर दुकानाचं रील: करायचं की सोडून द्यायचं?

पायताणवाला

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमचं चपलांचं दुकान आहे, मागं घरातच कारखाना. आजोबांपासूनचं काम. दुकानाचं इन्स्टा मी बघतो, कारण बघायला दुसरं कोणी नाही. सहा हजारांच्या आसपास फॉलोअर आहेत, त्यातले निम्मे पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे.

प्रश्न असा आहे. सध्या एका नव्या सिनेमाच्या गाण्यावर पायाची एक स्टेप सगळीकडं चालू आहे. डावा पाय पुढं, टाच आपटायची, गिरकी. चुलतभाऊ म्हणतो, "पायाचीच स्टेप आहे, आपला धंदा पायाचा, आणखी काय पाहिजे?" वडील म्हणतात, "आपण चपला विकतो का नाचतो?" मला दोघांचंही पटतं. त्यात आमचं बिझनेस अकाउंट असल्यामुळं ते गाणं ऑडिओच्या यादीत सापडतच नाही. भाऊ म्हणतो सेटिंगमध्ये जाऊन क्रिएटर अकाउंट कर, दोन मिनिटांचं काम.

तर अशा ट्रेंडमध्ये कधी उतरायचं आणि कधी नाही, हे तुम्ही कसं ठरवता? 'सातत्य ठेवा' वगैरे सोडून सांगा, ते लई वाचून झालंय.

नाद_खुळा_९

वडिलांनाच नाचवा भावा. जगात भारी रील होईल.

सायली_नाशिक

मी तर म्हणेन करा. माझी छोटी बेकरी आहे. आमच्याकडे काउंटरवर बसणारा मुलगा जरा नाटकी आहे, त्याला घेऊन चालू असलेल्या ऑडिओवर रील करते. लोक दुकानात येऊन "तो रीलवाला दादा कुठे?" असं विचारतात. आले की एखादी पेस्ट्री घेतातच. फार विचार करत बसलं की ट्रेंड निघून जातो आणि आपण त्यावर चर्चा करत राहतो, जशी आत्ता करतोय. 😀

फ्रेमवाला

पुण्यात लहान दुकानदारांसाठी रील्स कापायचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच आहे.

सायलीताईंचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे, पण केक आणि कोल्हापुरी यांत फरक आहे. पेस्ट्री माणूस जाता-जाता घेतो. दोन-अडीच हजारांची हातशिलाईची चप्पल घेताना तो आधी माप विचारतो, चामडं कोणतं विचारतो, चावेल का विचारतो, मग घरी जाऊन बायकोला विचारतो. त्याला दुकान ओळखीचं वाटून भागत नाही, माल बघायचा असतो.

मी एक साधी परीक्षा लावतो. रीलमध्ये काय आहे ते गाण्याचं नाव न घेता फोनवर कोणाला तरी सांगायचं. "एक मुलगा आमची चप्पल घालून नाचतो." बरं, पुढे? पुढे काही नसेल तर ते रील गाण्याचं आहे, तुमचं नाही. दुसरी परीक्षा त्याहून सोपी: शेजारचा पावभाजीवाला फक्त पाटी बदलून हेच रील टाकू शकेल का? टाकू शकत असेल तर सोडून द्या.

तुमच्या स्टेपच्या बाबतीत भावाचं म्हणणं वरवर पटण्यासारखं आहे. पण पाय आहे म्हणून चप्पल दिसेलच असं नाही. गिरकीत पाय हलतो, चप्पल धूसर होते, आणि लोकांची नजर नाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते. एकदा फोनवर शूट करून आवाज बंद करून बघा. चपलेची वेणी दिसते का? पट्टा दिसतो का? नसेल दिसत तर पायाचा संबंध फक्त बोलण्यापुरता.

पायताणवाला

@फ्रेमवाला, बघितलं आत्ताच शूट करून. चप्पल तपकिरी, फरशी तपकिरी. काहीच दिसत नाही. भाऊ म्हणतो पांढरी चादर अंथरू.

नाद_खुळा_९

चादरीवर टाच आपटली की भाऊ थेट सीपीआर दवाखान्यात. तिथं मग वेगळा ट्रेंड.

कोर्टाची_पायरी

धागाकर्त्यांनी दोन मिनिटांच्या कामाचा उल्लेख केला आहे, त्याबद्दल लिहिते. व्यवसायाने वकील आहे.

बिझनेस अकाउंटला ती गाणी दिसत नाहीत हा ॲपचा दोष नाही. कंपनीने संगीताचे जे परवाने घेतले आहेत ते लोकांनी वैयक्तिक गंमत म्हणून गाणी वापरावीत यासाठी आहेत. तिच्या संगीताच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की व्यापारी वापरासाठी तुम्ही स्वतः योग्य ती परवानगी घेतलेली असली पाहिजे. क्रिएटर अकाउंट केलंत तर गाणं यादीत दिसू लागेल, पण तुम्ही चपलाच विकत असाल तर वापर व्यापारीच राहतो. अकाउंटचा प्रकार बदलल्याने परवाना मिळत नाही.

बंडू_मामलेदार

मॅडम, १५ सेकंदांपेक्षा कमी गाणं वापरलं तर चालतं ना? आणि खाली 'सर्व श्रेय मूळ कलाकारांना' लिहिलं की काही होत नाही. मी आमच्या क्लासच्या रीलला कायम लिहितो.

कोर्टाची_पायरी

१५ सेकंदांचा, ३० सेकंदांचा, सात सेकंदांचा असा कोणताही नियम १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाही. कलम ५२ मध्ये खासगी वापर, टीका-समीक्षा, बातमी अशा काही गोष्टींना मोकळीक आहे. स्वतःच्या मालाची जाहिरात त्यात बसत नाही. श्रेय देणं सभ्यपणाचं आहे, परवानगी मात्र त्याने मिळत नाही. उलट दुसऱ्याचा माल आहे हे तुम्हाला माहीत होतं, एवढं त्यातून लेखी दिसतं.

आणखी एक: गाण्यात एकच हक्क नसतो. ध्वनिमुद्रण एकाचं, शब्द आणि चाल दुसऱ्यांची. कोणी स्वतः पेटीवर वाजवून 'आता हे माझं' म्हणत असेल तर ध्वनिमुद्रण त्याचं झालं, चाल नाही झाली.

बंडू_मामलेदार

म्हणजे आमच्या क्लासची सगळी रील्स…? असो. वाचतोय.

एडिसनचा_बाळ्या

इकडे अमेरिकेत हा विषय सध्या चांगलाच तापलाय. बँग नावाचं एनर्जी ड्रिंक होतं, त्यांनी टिकटॉकवर गाणी लावून भरपूर व्हिडिओ टाकले. युनिव्हर्सल आणि सोनीने फ्लोरिडात दावे लावले आणि २०२२ मध्ये कोर्टाने कंपनीच्या स्वतःच्या व्हिडिओंबद्दल तिलाच जबाबदार धरलं. टिकटॉकवर गाणी होतीच, हा बचाव चालला नाही. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये वॉर्नरने क्रम्बल कुकीजवर दावा केला, दीडशेच्या वर गाण्यांबद्दल. आमच्या घराजवळ त्यांचं दुकान आहे, कुकी बरी असते, जरा गोड जास्त.

नाद_खुळा_९

म्हणजे पायताणवाल्याला आता वॉर्नर ब्रदर्सची नोटीस. गल्लीत भाव वाढेल की.

एडिसनचा_बाळ्या

वॉर्नर म्युझिक हो. सिनेमावाले वेगळे.

फ्रेमवाला

खरं सांगायचं तर सहा हजार फॉलोअरच्या दुकानाला कोणी कोर्टात खेचल्याचं माझ्या बघण्यात नाही. भीती दाखवून उपयोग नाही, कारण लोक आजूबाजूला बघतात, सगळे करताना दिसतात, मग त्यांना वकिलाचं बोलणं खोटं वाटतं.

रोजच्या धंद्यात जे नुकसान दिसतं ते वेगळं असतं. एक, गाण्याच्या मालकाने हक्क सांगितला की रील मुकं होतं. एका साडीवाल्यांचं दिवाळीत सगळ्यात चाललेलं रील असंच मुकं झालं. कापणी सगळी तालावर होती, ताल गेल्यावर ते रील झटके आल्यासारखं दिसायला लागलं. दोन, असं रील बूस्ट करता येत नाही. म्हणजे नशिबाने एखादं चाललं आणि त्यावर हजार रुपये लावून सांगली-बेळगावपर्यंत न्यावं म्हटलं, तर ॲप सांगतं की यात हक्क राखीव असलेलं संगीत आहे. मेहनत केलेलं रील नेमकं पैसे लावायच्या वेळी हातातून जातं.

कोर्टाची_पायरी

@फ्रेमवाला, सहमत, पण अर्धीच. 'अजून कोणाला खेचलं नाही' हा सल्ला मी अशिलाला देऊ शकत नाही. नोटीस आल्यावर तडजोडीचा आकडा दुकानाच्या महिन्याच्या गल्ल्याएवढा असू शकतो, आणि जुनी रील्स पुरावा म्हणून तिथेच पडलेली असतात.

फ्रेमवाला

तुमचं खातं सल्ल्याचं, माझं खातं रिझल्टचं. दोघांचा निष्कर्ष एकच निघतोय, म्हणून भांडत नाही.

गोडबोले_काका

चांगला विषय काढलात. माझाही हाच प्रश्न आहे. आमच्या सोसायटीच्या गणपतीत स्पीकरवर गाणी लावायची तर लायसन घ्यावं लागतं असं खजिनदार म्हणतो. ट्रेंडिंग गाणी लावायची की जुनीच लावावीत? मुलांना नवीन हवीत.

कोर्टाची_पायरी

काका, तो सार्वजनिक ठिकाणी गाणी वाजवण्याचा परवाना. तो विषय वेगळा आहे, धार्मिक समारंभांना त्यात काही सूटही आहे. वेगळा धागा काढा, तिथे लिहीन. इथे दुकानाच्या रीलबद्दल चाललंय.

गोडबोले_काका

बरं. पण जुनीच लावावीत हे माझं मत.

चिंगी_डोंबिवली

गाणी नाहीत, तर मग संवादांचे ऑडिओ? त्यावर 'ओरिजिनल ऑडिओ' लिहिलेलं असतं आणि ते बिझनेस अकाउंटलाही दिसतात. मी माझ्या कानातल्यांच्या पेजसाठी तेच वापरते.

फ्रेमवाला

इथेच बरेच जण फसतात. 'ओरिजिनल ऑडिओ' याचा अर्थ एवढाच की तो आवाज कोणीतरी स्वतःच्या व्हिडिओबरोबर चढवला. त्या व्हिडिओत मागे सिनेमाचं गाणं वाजत असेल किंवा मालिकेतला संवाद उचललेला असेल तरी लेबल तेच दिसतं. ऑडिओच्या नावावर बोट ठेवा, त्याचं पान उघडेल. तिथे पहिला व्हिडिओ कोणाचा आहे ते बघा. कोणी साधा माणूस स्वतः काही बोललाय का, की सिनेमातला तुकडा आहे? स्वतः बोललेला असेल तर त्याला मेसेज करून विचारा, बहुतेक लोक आनंदाने हो म्हणतात. त्या संमतीचा स्क्रीनशॉट ठेवा.

कोर्टाची_पायरी

सिनेमाच्या संवादात निर्मात्याचा हक्क तर आहेच, वर नटाच्या आवाजाचा आणि लकबीचा प्रश्न येतो. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. त्यांचं नाव, आवाज, छबी आणि 'झकास' म्हणण्याची त्यांची ढब परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली.

नाद_खुळा_९

झकास.

(धंद्यासाठी नाही, सहज म्हणालो.)

विद्या_सातारा

कायद्याचं बोलून झालं, मला दुसरंच खटकतंय. आवाज कुठून आला हे हक्कापुरतंच बघायचं नसतं. गेल्या वर्षी एका बाईच्या रडण्याच्या आवाजावर सगळी पेजेस 'सेल संपला' म्हणून हसत होती. ती बाई खरी होती, तिच्या घरात काहीतरी झालं होतं. कोणी मागे जाऊन बघितलंच नाही.

एडिसनचा_बाळ्या

याचं जुनं उदाहरण आहे. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये ट्विटरवर #WhyIStayed चालू होतं. मारहाण करणाऱ्या नवऱ्याजवळ आपण का राहिलो, हे बायका त्यावर सांगत होत्या. डिजिओर्नो या पिझ्झा कंपनीने हॅशटॅग न वाचता 'पिझ्झा होता म्हणून' अशा अर्थाचा विनोद टाकला. थोड्याच वेळात काढला, मग लोकांची माफी मागत बसले. हॅशटॅग उघडून वरची दहा ट्विट्स वाचली असती तरी कळलं असतं.

फ्रेमवाला

म्हणून मी ऑडिओचा पूर्ण मूळ व्हिडिओ ऐकतो आणि त्याखालच्या कॉमेंट्स वाचतो. पाच मिनिटं जातात. भाषा कळत नसेल तर तो ऑडिओ घेतच नाही. तमिळ किंवा पंजाबी ओळीचा अर्थ काय, हे गिऱ्हाइकाकडून कळलेलं बरं नसतं.

विद्या_सातारा

@पायताणवाला, आणि तुमच्या भावाला विचारा, नाचणार कोण आहे? कारखान्यातल्या कारागिरांना नाचवायचा विचार असेल तर कृपया नको. आयुष्यभर ज्यांच्या कामाला कोणी मान दिला नाही, त्यांना आता पोरांच्या करमणुकीसाठी उभं करायचं हे मला बरं वाटत नाही.

पायताणवाला

विद्याताई, तुमचा प्रश्न मी आमच्या मामांना विचारला. मामा म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने कारागीर, वेणी घालायला त्यांच्यासारखा हात नाही. ते म्हणाले, "मला नाचाय येतंय, पण तुझ्या गाण्यावर न्हाई. हलगी लाव."

नाद_खुळा_९

मामा नाद खुळा!! मामांचं अकाउंट काढा.

विद्या_सातारा

मग माझं काही म्हणणं नाही. 🙂 विचारलंत हे बरं केलंत.

सायली_नाशिक

बघा! मामांना हलगीवर नाचवा. सगळे इतके घाबरवताहेत की बिचारा काहीच करणार नाही. माझ्या रील्सनी मला गिऱ्हाईक दिलंय, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मालाचे क्लोजअप टाकून तीनशे व्ह्यूज येतात, त्याचं काय लोणचं घालायचं?

फ्रेमवाला

सायलीताई, मुद्दा मान्य. अनोळखी लोकांपर्यंत पोचायला ट्रेंडचा धक्का मिळतो, नाकारत नाही. पण कोणापर्यंत पोचलो ते बघावं लागतं. तुमचं रील नाशिकच्या लोकांना दिसतं आणि दुकान नाशकात आहे. शिवाय लोक त्या मुलाला ओळखतात, म्हणजे ते रील पावभाजीवाल्याला टाकता येणार नाही. तुम्ही नकळत माझी परीक्षा पास झालात.

एका पादत्राणांच्याच दुकानाचं सांगतो, नाव नको. नाचाचं रील टाकलं, दोन लाखांच्या वर गेलं. मालक खूश. मेसेज उघडले तर बहुतेकांत एकच प्रश्न, "गाणं कोणतं?" शहरांची यादी बघितली तर वर लखनौ, पाटणा, इंदूर, आणि ते दुकान माल कुरिअरने पाठवतच नव्हतं. नवीन फॉलोअर आले ते नाचासाठी. पुढचं साधं चपलेचं रील ॲपने आधी त्यांनाच दाखवलं, त्यांनी दोन सेकंदांत वर सरकवलं, आणि मग ते कोणालाच दाखवलं गेलं नाही. नंतर बरेच दिवस पेज मंद पडलं होतं.

त्याच पेजवर चपलेचा अंगठा शिवतानाचं एक रील होतं. नऊ-दहा हजारच चाललं, पण सेव्ह भरपूर आणि खाली "आठ नंबर आहे का?", "लग्नासाठी दोन जोड पाहिजेत" असे मेसेज. चपलेच्या धंद्यात मी व्ह्यूज मोजत नाही, नंबर विचारणारे मोजतो.

चिंगी_डोंबिवली

मग ट्रेंड करायचाच नाही का? कंटाळवाणं होईल सगळं.

फ्रेमवाला

करायचा. आमच्या एका गिऱ्हाइकाचं सांगतो, तांब्याची भांडी घडवतात. मध्यंतरी एक ठेक्याचा ऑडिओ चालला होता: आधी संथ, मग एक ठोका पडतो आणि वस्तू बदललेली दिसते. मेकअपवाल्या मुली त्यावर तोंड धुतलेली आणि नटलेली दाखवत होत्या. भांडीवाल्यांचं कामच असं की काळपट पत्रा असतो आणि ठोके मारून झळझळीत हंडा निघतो. ठोका तर त्यांच्या कामातच आहे. ऑडिओ ज्याने बनवला होता त्या पोराला मेसेज केला, त्याने फक्त टॅग मागितला. झालं.

हे जमलं ते दोन गोष्टींमुळे. ट्रेंडमध्ये 'आधी आणि नंतर' अशी एक रिकामी जागा होती आणि ती भरायला त्यांच्याकडे खरी वस्तू होती. आणि शूटिंग आधीच झालेलं होतं. मी सगळ्यांना सांगतो की महिन्यातून एक सकाळ काढून कामाचे तुकडे शूट करून ठेवा, कोणत्याही गाण्याविना. तुमच्याकडे चामडं कापणं, ठोकणं, वेणी, तेल-पॉलिश, जोड पिशवीत जाणं, असे आठ-दहा सेकंदांचे तुकडे पडून असले तर एखादा बसणारा ऑडिओ दिसला की संध्याकाळी रील तयार. नाहीतर ट्रेंड दिसला, मग ऊन बघा, मग मामांना वेळ आहे का बघा, मग भाऊ पांढरी चादर शोधणार. तोवर तो ऑडिओ बँका आणि विमा कंपन्या वापरायला लागलेल्या असतात. त्या आल्या की समजायचं, संपलं.

चिंगी_डोंबिवली

चढतोय की उतरतोय हे कसं ओळखता? तो वर जाणारा बाण?

फ्रेमवाला

बाण एक खूण आहे, पण तो दिसेपर्यंत बऱ्याच जणांना दिसलेला असतो. मी ऑडिओच्या पानावर आज किती रील्स आहेत ते लिहून ठेवतो आणि दोन दिवसांनी परत बघतो. काही हजारांवरून दुप्पट-तिप्पट झालं तर चढतंय. लाखांत आहे आणि जेमतेम हललंय तर सोडा. शिवाय माझ्या स्वतःच्या फीडवर विश्वास ठेवत नाही. दिवसभर रील्स बघणाऱ्याला सगळंच जुनं वाटतं. दुकानदाराच्या गिऱ्हाइकाच्या फीडमध्ये ते आलंय का, हे महत्त्वाचं. कोल्हापुरी घेणारा पन्नाशीचा काका असेल तर त्याला त्या संवादाची गंमतच कळणार नाही.

निपाणीकर

धागा वाचला. पायताणवाले, तुमचा सगळ्यात मोठा ट्रेंड तर होऊन गेला की. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला घालून पोरं चालली आणि कंपनीनं आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. तेव्हा काय केलंत?

पायताणवाला

तेव्हा काहीच ठरवलं नव्हतं. मामा वेणी घालत होते, त्यांच्या हातांचा व्हिडिओ घेतला. गाणं नाही, कारखान्याचाच आवाज. खाली लिहिलं, 'ही कोल्हापुरी. कोल्हापुरात करतात.' आमच्या पेजवर आजवर सगळ्यात जास्त चाललेलं तेच. मुंबई-पुण्याहून फोन आले, काही ऑर्डरी पाठवल्या. पण ते ट्रेंड म्हणून केलंच नव्हतं, राग आला होता म्हणून केलं.

निपाणीकर

'कोल्हापुरात करतात' हे अर्धंच हं. २०१९ ला जीआय मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीला किती घरं ह्या कामावर आहेत, बघून या एकदा.

नाद_खुळा_९

आला सीमाप्रश्न. धागा आता शंभरी गाठणार.

पायताणवाला

अथणीचा माल चांगला असतो, मान्यच आहे. आमचे एक पाहुणे तिथलेच.

फ्रेमवाला

सीमाप्रश्न बाजूला ठेवा, त्या रीलकडे बघा. सगळा देश एका विषयावर बोलत होता आणि त्यावर बोलायचा अधिकार तुमच्याकडे होता. शेजारचा पावभाजीवाला ते टाकू शकला असता का? नाही. आवाज तुमचा, माणूस तुमचा, माल दिसतोय. बूस्ट करायला हरकत नव्हती.

आता मूळ प्रश्नाचं माझं उत्तर. ही स्टेप सोडा. तुमच्याकडे स्वतःचा ऑडिओ आहे. करकर वाजणारी कोल्हापुरी करता ना अजून?

पायताणवाला

आवाजासाठी विंचू घातलेली? ऑर्डर असली तर करतो. लग्नात नवरदेवाला लागते, आणि पैलवान मंडळी घेतात. आधी आवाज येतो, मागनं माणूस येतो.

फ्रेमवाला

मग तोच आवाज. रिकाम्या गल्लीत किंवा वाड्यात, सकाळी. फोन जमिनीलगत, सात-आठ पावलं, शेवटी थांबणं. गाणं नाही. टाकताना ऑडिओला नाव द्या. मूळ आवाज तुमचा असला की त्याचं नाव एकदा बदलता येतं, एकदाच, म्हणून स्पेलिंग नीट बघा. 'कोल्हापुरी करकर' असं काहीतरी. पुढे कोणी नवरदेवाच्या एंट्रीला तो वापरला तर ऑडिओच्या पानावर पहिलं रील तुमचं दिसेल. चालेलच असं नाही. पण नाही चाललं तरी कोणाचं देणं लागत नाही.

सायली_नाशिक

हे आवडलं. पण माझा सल्ला तोच, भावाला नाचू द्या. त्याच्या स्वतःच्या अकाउंटवर नाचू दे आणि दुकानाला टॅग करू दे. मग तर वैयक्तिक झालं ना?

कोर्टाची_पायरी

दुकानाचा भागीदार, दुकानाची चप्पल, दुकानाला टॅग. याला वैयक्तिक म्हणणं कठीण आहे. नुसता नाचला, टॅग नाही, भाव नाही, दुकान मागे दिसत नाही, तर गोष्ट वेगळी. मधली हद्द कुठे, यावर दोन वकील दोन मतं देतील.

सायली_नाशिक

म्हणजे नाचा, पण कोणासाठी ते सांगू नका. 😀 मी आपली काउंटरवाल्या मुलासोबत चालू ठेवते. गाणी मात्र आता इन्स्टाच्या कंपनीच्या फुकटच्या संग्रहातली घेईन म्हणते. चांगली असतात का?

फ्रेमवाला

मेटा साउंड कलेक्शनमध्ये हजारो आहेत, त्यात वीस-पंचवीस ऐकण्यासारखी. एक संध्याकाळ घालवून निवडून ठेवा. फक्त ती फेसबुक-इन्स्टापुरतीच आहेत, तेच रील यूट्यूबवर टाकायचं तर आवाज बदलावा लागेल.

बंडू_मामलेदार

क्लासची जुनी रील्स बघतोय. एकशे बारा निघाली. गाणं काढून नुसतं बोलणं ठेवता येतं का?

फ्रेमवाला

टाकलेल्या रीलचा आवाज बदलता येईल यावर विसंबू नका. फोनमध्ये मूळ व्हिडिओ असतील तर परत कापा. ज्यांत तुम्ही खरंच काही शिकवलंय तेवढीच वाचवा, बाकीची अर्काइव्ह करा.

पायताणवाला

सगळ्यांचे आभार. भावाला धागा दाखवला, तो वकीलबाईंवर रुसलाय. वडील खूश आहेत, पण विंचवाची चप्पल फुकट झिजवायची नाही म्हणतात, त्यामुळं पुढच्या आठवड्यात एका पैलवानाचा जोड तयार होतोय तो द्यायच्या आधी त्यालाच चालवणार, त्यानं हो म्हटलंय. एक अडचण: गल्लीत सकाळीसुद्धा दूधवाल्यांच्या गाड्या असतात. कारखान्यात शहाबादी फरशी आहे, तिथं घेतलं तर चालेल का? आवाज घुमतो थोडा.

फ्रेमवाला

शहाबादीवर छान येईल. घुमतोय वाटलं तर भिंतींना चामड्याचे तुकडे टांगून बघा, तुमच्याकडे कमी नसतील. आणि पंखा बंद करा, सगळे तिथेच चुकतात.